दिवा लागतो, मग पंप का चालत नाही?

प्युरिफायरचा दिवा लागलेला असतो, नळाला पाणी असते, तरी टाकी रिकामीच राहते. अशा वेळी घरातला पहिला प्रश्न असतो, ‘मोटर गेली का?’ पुष्कळदा मोटर गेलेली नसते. मोटरच्या आधी आणि नंतर असे तीन-चार भाग आहेत की त्यांपैकी कोणताही बिघडला तरी वरून दिसणारे लक्षण एकच, पाणी येत नाही. म्हणूनच अंदाजाने पंप बदलला जातो, मग अ‍ॅडॉप्टर, आणि दोन्हींचे पैसे गेल्यावर खरा दोष शंभर-दीडशे रुपयांच्या एखाद्या तुकड्यात सापडतो. या प्रकरणात विचार केला आहे तो भारतीय घरांतल्या साध्या आरओ यंत्राचा, ज्यात 24 व्होल्टवर चालणारा बूस्टर पंप असतो.

१. दोन वाटा

यंत्रात दोन गोष्टी वाहतात, पाणी आणि वीज, आणि त्यांच्या वाटा वेगळ्या आहेत. बिघाड शोधताना या दोन वाटा मनात वेगळ्या ठेवता आल्या की अर्धे काम झाले.

पाण्याची वाट अशी. नळातून आलेले पाणी बाहेर लावलेल्या पहिल्या फिल्टरच्या भांड्यातून येते, मग सोलेनॉइड व्हॉल्व्हमधून, मग गाळ आणि क्लोरीन अडवणाऱ्या फिल्टरांतून पंपात जाते. पंप त्याला दाब देऊन मेंब्रेनकडे ढकलतो. मेंब्रेनमधून शुद्ध पाणी एका नळीने टाकीत जाते आणि उरलेले क्षारयुक्त पाणी दुसऱ्या नळीने बाहेर पडते. या दुसऱ्या नळीत बोटाएवढा एक तुकडा बसवलेला असतो, फ्लो रिस्ट्रिक्टर. तो पाण्याला थोपवतो म्हणूनच मेंब्रेनवर दाब तयार होतो. कारागीर त्याला नुसते ‘एफआर’ म्हणतात, आणि तो पुढे महत्त्वाचा ठरणार आहे.

विजेची वाट याहून सोपी आहे. भिंतीवरच्या 230 व्होल्टचे अ‍ॅडॉप्टर 24 व्होल्ट डीसी करते. तिथून वीज टाकीतल्या फ्लोट स्विचमधून जाते. टाकी भरली की फ्लोट वर येतो आणि प्रवाह तोडतो. फ्लोटनंतर तारा दोन भागांत फुटतात, एक जोडी व्हॉल्व्हला आणि एक पंपाला. म्हणजे पंप आणि व्हॉल्व्ह एकाच वेळी सुरू होतात आणि एकाच वेळी बंद पडतात. काही यंत्रांत नळाला पाणी नसताना पंप कोरडा फिरू नये म्हणून लो प्रेशर स्विच बसवतात, काहींत सगळा कारभार एका छोट्या सर्किट बोर्डाकडे असतो. काही थोड्या यंत्रांत 24 ऐवजी 36 व्होल्ट असतात, तेव्हा स्टिकर वाचल्याशिवाय कोणताही आकडा गृहीत धरू नये. तारांच्या रंगांवर तर मुळीच भरवसा ठेवू नये, कारण दुरुस्तीत हाताला लागेल त्या रंगाची तार जोडलेली असते.

सुरक्षेबद्दल इथेच सांगितलेले बरे. 24 व्होल्टच्या बाजूला काम करणे, हात कोरडे असतील तर, धोक्याचे नाही. पण अ‍ॅडॉप्टरच्या पोटात 230 व्होल्ट एसीचे सुमारे 325 व्होल्ट डीसी झालेले असतात आणि प्लग काढल्यावरही ते काही वेळ कपॅसिटरमध्ये साठून राहू शकतात. त्यामुळे अ‍ॅडॉप्टर उघडण्याच्या फंदात घरच्या माणसाने पडू नये. यूव्ही दिव्याला वीज देणारा वेगळा डबा असेल तर त्यालाही हात लावू नये, आणि तो दिवा उघड्या डोळ्यांनी पाहू नये.

२. आधी कान

मल्टिमीटर काढण्याआधी कानाने बरेच कळते. प्लग बंद करून पुन्हा चालू करायचा आणि यंत्राजवळ उभे राहायचे.

‘टक्’ असा एकच आवाज आला तर व्हॉल्व्हने वीज घेतली आणि आतला लोखंडी दांडा उचलला गेला. याचा अर्थ फ्लोटपर्यंतची आणि फ्लोटनंतरची वीज ठीक आहे, निदान व्हॉल्व्ह उचलण्यापुरती तरी. टक् आवाज आला आणि पंप मात्र गप्प राहिला, तर संशय पंपावर किंवा त्याच्या तारांवर. टक् नाही आणि पंपही नाही, पण दिवा आहे, तर संशय फ्लोटवर. पंप फिरतो, पण आवाज नेहमीपेक्षा हलका, मोकळा येतो, तर त्याला पाणीच मिळत नाही. आवाज जड, घुसमटल्यासारखा असेल तर पुढची वाट तुंबली आहे. आणि दिवा लुकलुकत असेल, पंप क्षणभर चालून थांबत असेल, पुन्हा चालत असेल, तर अ‍ॅडॉप्टरवर झेपणार नाही इतका भार येतो आहे किंवा अ‍ॅडॉप्टर थकले आहे. या दोन शक्यता एकमेकींपासून वेगळ्या कशा करायच्या, हाच या प्रकरणातला सर्वांत अवघड भाग आहे.

फ्लोटचा निकाल मात्र चटकन लागतो. टाकी रिकामी असताना फ्लोट खाली असायला हवा. बोअरचे पाणी असलेल्या घरांत तो दांड्यावर क्षार धरून वरच अडकतो आणि यंत्र टाकी भरली असे समजून बसते. फ्लोटच्या दोन तारा सुट्या करून क्षणभर एकमेकींना जोडल्या आणि पंप सुरू झाला, तर दोष फ्लोटचा. तारा तशाच जोडून ठेवल्या तर मात्र टाकी भरून ओट्यावर पाणी वाहील.

३. अ‍ॅडॉप्टर

अ‍ॅडॉप्टरची पिन काढून मीटर लावला आणि 24 व्होल्ट दिसले की बहुतेक लोक ‘अ‍ॅडॉप्टर चांगले आहे’ असे ठरवून पुढे जातात. चूक इथेच होते. गोठ्यात उभा असलेला बैल धडधाकट दिसतो, त्याचा दम कळतो भरली गाडी जुंपल्यावर. अ‍ॅडॉप्टरचेही तसेच आहे. काहीही न जोडता मोजलेले व्होल्ट एवढेच सांगतात की ते पूर्ण मेलेले नाही.

अ‍ॅडॉप्टरच्या आत वीज साठवून सपाट करणारे कपॅसिटर असतात. प्युरिफायरच्या बंद डब्यातल्या उष्णतेने आणि दमटपणाने ते काही वर्षांत सुकतात. मग भार नसताना 24 व्होल्ट दिसतात आणि पंप जोडल्याबरोबर ते 15, 12 किंवा त्याहून खाली घसरतात. म्हणून मोजणी पंप आणि व्हॉल्व्ह जोडलेले असतानाच करायची. मीटर 200 व्होल्ट डीसीच्या पट्टीवर ठेवून त्याची टोके पंपाच्या कनेक्टरच्या मागच्या बाजूने तारांना टेकवायची. यंत्र चालू असताना 23 ते 24 व्होल्ट टिकले तर अ‍ॅडॉप्टर ठीक.

आकडा घसरला तर लगेच अ‍ॅडॉप्टरला दोष देता येत नाही. समोरचा भार जास्त असेल तर चांगले अ‍ॅडॉप्टरही घसरते, किंवा स्वतःला वाचवण्यासाठी वीज तोडते आणि पुन्हा देऊन पाहते. लुकलुकणारा दिवा तो हाच. किती भार योग्य आहे ते साध्या हिशेबाने कळते. घरगुती 75 जीपीडी पंप चालताना साधारण पाऊण ते एक अँपिअर घेतो, व्हॉल्व्ह पाव अँपिअर. दोन्ही मिळून सव्वा अँपिअरपर्यंत. म्हणून अशा यंत्राला दीड अँपिअरचे अ‍ॅडॉप्टर पुरते. 100 जीपीडीचा पंप असेल तर अडीच अँपिअरचे लावतात. बाजारात दोन्ही दिसायला जवळजवळ सारखीच असतात, आणि घाईत दीडचे अडीचच्या जागी बसवले जाते. तसे अ‍ॅडॉप्टर सुरुवातीला चालते, गरम होत राहते आणि थोड्या दिवसांत मरते.

भार कमी-जास्त करून पाहण्याची सोपी रीत म्हणजे एकेक भाग सुटा करणे. पंपाची तार काढली आणि व्होल्ट परत 24 वर आले, तर एकतर पंपाकडचा भार जास्त आहे किंवा थकलेल्या अ‍ॅडॉप्टरला पंपाचा नेहमीचा भारही झेपत नाही, आणि यांतले कोणते ते पंपाचा प्रवाह मोजूनच ठरवायचे. पंप सुटा असूनही व्होल्ट खालीच राहिले, तर व्हॉल्व्हची तार काढून पाहायची. दोन्ही सुटे असतानाही आकडा चढला नाही, तर अ‍ॅडॉप्टर नक्की दोषी.

४. सोलेनॉइड व्हॉल्व्ह

व्हॉल्व्ह वीज नसताना बंद राहतो. आतला रबरी टोकाचा लोखंडी दांडा स्प्रिंगने एका बारीक भोकावर दाबून धरलेला असतो. बाहेरच्या तांब्याच्या कॉइलमधून प्रवाह गेला की ती चुंबक बनते आणि दांडा उचलते. बारीक भोक मोकळे झाले की पाण्याच्या दाबाने रबराचा मोठा पडदा सरकतो आणि वाट उघडते. म्हणजे व्हॉल्व्ह उघडण्याचे निम्मे काम वीज करते आणि निम्मे पाण्याचा दाब.

या दुसऱ्या निम्म्यामुळे एक गंमत होते. गच्चीवरची टाकी यंत्रापासून दीड मीटर उंच असेल तर नळावर दाब मिळतो 0.15 बार, कारण दर मीटर उंचीला सुमारे 0.1 बार. इमारतीच्या सगळ्यात वरच्या मजल्यावर हीच परिस्थिती असते. इतक्या कमी दाबाने पडदा अर्धवटच सरकतो, पंप पाण्यासाठी तडफडतो, आणि दोष मात्र व्हॉल्व्हच्या किंवा पंपाच्या माथी मारला जातो. खालच्या मजल्यावर हेच यंत्र बिनतक्रार चालेल.

कॉइलची तपासणी दोन प्रकारे होते. यंत्र चालू असताना स्क्रूड्रायव्हरचे लोखंडी टोक कॉइलच्या डोक्याजवळ नेले तर ते हलकेच खेचले जाते. खेच नसेल आणि मीटरवर व्हॉल्व्हच्या तारांत 24 व्होल्ट असतील, तर कॉइल तुटली. दुसरी रीत, प्लग काढून व्हॉल्व्हच्या तारा सुट्या करून रोध मोजणे. 24 व्होल्टच्या कॉइलला साधारण शंभर ओहमच्या आसपासचा आकडा येतो. मीटर काहीच दाखवत नसेल तर आतली तार तुटली, आणि आकडा अगदी थोडा, पाच-दहा ओहम असेल तर आतल्या आत शॉर्ट झाली. चालू असताना कॉइल कोमट लागते, ते बिघाडाचे लक्षण नव्हे.

कॉइल चांगली, टक् आवाजही येतो, तरी पाणी पुढे जात नसेल तर आत गाळ किंवा गंज आहे. नळ बंद करून व्हॉल्व्हच्या पुढची नळी काढायची. नळीच्या तोंडाशी असलेली प्लॅस्टिकची कडी आत दाबून धरली की नळी ओढून निघते. खाली भांडे धरून नळ आणि प्लग चालू करायचे. धार येते की नाही हे डोळ्यांनी दिसते. धार आली तर व्हॉल्व्ह निर्दोष आणि पुढचे फिल्टर तपासायचे. नाही आली तर आधी पहिल्या फिल्टरचे भांडे पाहायचे, कारण चिखलाने लडबडलेली कॅण्डल हे व्हॉल्व्ह बिघडण्यापेक्षा कितीतरी अधिक वेळा आढळणारे कारण आहे. पावसाळ्याच्या सुरुवातीला तर तिथूनच सुरुवात करावी.

व्हॉल्व्ह उघडा अडकला तर उलटे होते. यंत्र बंद असतानाही वाया जाणाऱ्या पाण्याच्या नळीतून बारीक धार चालूच राहते. यात पंपाला काही होत नाही, फक्त पाणी जाते.

५. पंप: मोटर आणि डोके

बूस्टर पंपाचे दोन भाग आहेत. मागे मोटर, पुढे डोके. मोटरच्या दांड्यावर तिरकी बसवलेली चकती डोक्यातले रबरी पडदे आळीपाळीने मागेपुढे करते, आणि छोट्या एकेरी झडपांमुळे पाणी एकाच दिशेने ढकलले जाते. मोटर फिरते पण पाणी येत नाही, हा डोक्याचा दोष. मोटर फिरतच नाही, हा मोटरचा किंवा विजेचा.

डोक्याची तपासणी अंगठ्याने होते. पंपाची पुढची नळी काढायची, पंप चालू करायचा आणि पंपाचे तोंड अंगठ्याने दाबायचे. चांगल्या पंपाचे पाणी अंगठ्याला दाद देत नाही, फवारा उडतोच. अंगठ्याने सहज अडत असेल तर पडदा फाटला आहे किंवा झडपेत कचरा बसला आहे. मात्र आधी पंपाच्या मागच्या नळीत बुडबुडे नाहीत ना ते पाहावे. पहिल्या फिल्टरच्या भांड्याची रबरी रिंग नीट बसली नसेल तर पंप पाण्याऐवजी हवा ओढतो. फिल्टर बदलल्यानंतर सुरू झालेल्या तक्रारींत बहुधा हेच निघते.

मोटर तपासताना रोध मोजण्याचा मोह होतो, आणि तो फारसा उपयोगी नाही. चांगल्या मोटरचा रोध काही ओहमच असतो आणि आतले ब्रश कुठे टेकले आहेत त्यानुसार बदलतो. गंजाने जाम झालेल्या मोटरचाही रोध तेवढाच येतो, कारण तांब्याची तार तर शाबूतच असते. मीटर दोघींत फरक करू शकत नाही. फरक पडतो तो वीज दिल्यावर. फिरणारी मोटर स्वतःच उलटा विद्युतदाब निर्माण करून प्रवाह आवरते. जाम झालेली तसे करत नाही. तिचा रोध पाच ओहम धरला तर 24 भागिले 5, म्हणजे जवळजवळ पाच अँपिअर मागते, आणि दीड अँपिअरचे अ‍ॅडॉप्टर तिथेच हात टेकते. पंप जाम आणि दिवा लुकलुकतो, यांचा संबंध हा असा आहे.

म्हणून मोटरची खरी परीक्षा दुसऱ्या विजेवर. स्कूटरची किंवा इन्व्हर्टरची 12 व्होल्टची बॅटरी पंपाला दोन-तीन सेकंद लावली तर चांगला पंप सावकाश का होईना पण फिरतो. बॅटरी भरपूर प्रवाह देते, त्यामुळे पंप फिरला नाही तर लगेच तार काढायची. मुळीच न फिरणारा पंप स्क्रूड्रायव्हरच्या मुठीने हलके ठोकल्यावर फिरू लागला, तर ब्रश झिजले आहेत. तो आणखी काही दिवस चालेल, पण विश्वासाचा राहिलेला नाही. डोके आणि मोटर यांच्या सांध्यावर पांढऱ्या क्षाराची किंवा तांबूस गंजाची रेघ असेल, तर पडदा फुटून पाणी मोटरच्या बेअरिंगपर्यंत पोचले आहे. अशा पंपाला नवे डोके बसवणे परवडत नाही. थोड्याच दिवसांत मोटर जाम होते आणि जाताना अ‍ॅडॉप्टरलाही सोबत नेते. डोके बदलायचे ते मोटर कोरडी असेल तरच.

६. एका यंत्राची तपासणी

समजा 75 जीपीडीचे, बोअरच्या कठीण पाण्यावर चालणारे यंत्र आहे. प्लग लावला की टक् आवाज येतो, पंप आठ-दहा सेकंद चालतो, आवाज जड होत जातो आणि थांबतो. दिवा लुकलुकतो, पंप पुन्हा उसळी घेतो, पुन्हा थांबतो. टाकीत थेंब थेंब. अ‍ॅडॉप्टर बदलून झाले आहे, नवेही तेच करते.

टक् आला म्हणजे फ्लोट आणि व्हॉल्व्हची कॉइल ठीक. पंप काही सेकंद तरी फिरला म्हणजे मोटर जाम नाही. भाराशिवाय व्होल्ट 24.1. सगळे जोडून पाहिले तर सुरुवातीला 23.5, आणि आवाज जड होत गेला तसे कोसळून 6 ते 10 च्या दरम्यान उड्या मारतात. म्हणजे भार पहिल्या क्षणापासून नाही, तो वाढत जातो. हीच या उदाहरणातली किल्ली आहे. जाम मोटर पहिल्या क्षणालाच वीज पाडते. हळूहळू वाढणारा भार म्हणजे पुढे कुठेतरी साचत जाणारा दाब.

पंपाची पुढची नळी काढून पाहिले. पंप सलग चालतो, व्होल्ट 23.6 वर टिकतात, पाणी जोरात येते. पंप आणि अ‍ॅडॉप्टर दोन्ही सुटले. नळी परत लावून वाया जाणाऱ्या पाण्याची नळी बादलीत धरली, तर तिच्यातून जवळजवळ काहीच येत नाही. एफआर क्षाराने बुजला आहे. पाण्याला बाहेर पडायला जागा नाही, मेंब्रेनच्या घरात दाब चढतो, पंपाचा प्रवाह 0.8 वरून 1.4 अँपिअरवर जातो, त्यात व्हॉल्व्हचे 0.25 मिळवले की 1.65. दीड अँपिअरच्या अ‍ॅडॉप्टरने माघार घेतली, त्यात त्याचा काही दोष नाही. प्रवाह मोजायचा असेल तर मीटर 10 अँपिअरच्या भोकात तार घालून पंपाच्या एका तारेच्या मध्ये जोडावा लागतो. त्याच स्थितीत तो दोन तारांवर आडवा टेकवला तर शॉर्ट होतो.

एफआर बदलताना त्यावरचा आकडा पाहून तोच घ्यायचा, इथे 300, म्हणजे मिनिटाला 300 मिलीलिटर. बदलल्यावर व्होल्ट टिकले, आवाज एकसारखा झाला. मग बाटलीने हिशेब. 75 जीपीडी म्हणजे दिवसाला 75 अमेरिकन गॅलन, एका गॅलनचे 3.785 लिटर, म्हणजे सुमारे 284 लिटर, तासाला जवळजवळ 12. वाया जाणारे मिनिटाला 300 मिलीलिटर म्हणजे तासाला 18. दोन्ही मिळून तासाला 30 लिटर, मिनिटाला अर्धा लिटर. शुद्ध आणि वाया जाणारे अशी दोन्ही पाणी एकाच बाटलीत धरली तर एक लिटर दोन मिनिटांत भरायला हवे. शुद्ध पाण्याचा वाटा थंडीत आणि जुन्या मेंब्रेनवर कमी पडतो, म्हणून अडीच मिनिटे लागली तरी चालेल. या यंत्राला सव्वादोन मिनिटे लागली. क्षाराने एफआर बुजला म्हणजे मेंब्रेनच्या पृष्ठभागावरही क्षाराचा थर असण्याची शक्यता राहते, त्यामुळे शुद्ध पाण्याची धार वेगळी मोजून पाहायची. ती मिनिटाला 100 मिलीलिटरच्या बरीच खाली असेल तर पुढचा खर्च मेंब्रेनचा आहे, पंपाचा नाही.